नसलेला सहांचा उपगट

इ. स. १५४० मध्ये मिलानमधल्या जिरोलामो कार्दानोकडे एक कोडे आले. झुआन्ने दा कोई नावाच्या, कोडी घालत फिरणाऱ्या शिक्षकाने ते घातले होते. दहा या संख्येचे तीन भाग असे करा की, पहिल्याचे दुसऱ्याशी जे प्रमाण तेच दुसऱ्याचे तिसऱ्याशी असावे, आणि पहिल्या दोन भागांचा गुणाकार सहा यावा. ऐकायला सोपे. मधल्या भागाला क्ष म्हटले, तर पहिला भाग ६/क्ष आणि तिसरा क्ष³/६ होतो. तिघांची बेरीज दहा मांडून सहा-क्षने गुणले की हाती येते ते असे:

क्ष⁴ + ६क्ष² + ३६ = ६०क्ष

हे चतुर्घाती समीकरण. असे समीकरण सर्वसामान्य रीतीने सोडवणे तोवर कुणाला जमलेले नव्हते. कार्दानोलाही जमले नाही. त्याच्या घरी चार वर्षांपूर्वी चौदा वर्षांचा एक पोरका मुलगा नोकर म्हणून आला होता. घरातच लॅटिन आणि गणित शिकून तो कार्दानोचा लेखनिक आणि मग शिष्य झाला. त्याचे नाव लुदोव्हिको फेरारी. कोडे त्याने सोडवले.

फेरारीची युक्ती शाळेतल्या पूर्ण वर्गाच्या रीतीचाच पुढचा मजला आहे. दोन्ही बाजूंत ६क्ष² मिळवले की डावीकडे (क्ष² + ६) चा वर्ग होतो, पण उजवीकडे ६क्ष² + ६०क्ष उरते आणि तो वर्ग नाही. म्हणून फेरारीने डाव्या कंसात आणखी एक अज्ञात संख्या, य, मिळवली आणि तीमुळे येणारी भर उजवीकडेही टाकली. आता उजवी बाजू (६ + २य)क्ष² + ६०क्ष + (य² + १२य) अशी झाली. य अशी निवडायची की हाही पूर्ण वर्ग व्हावा. ती अट लिहून काढली की मिळते:

य³ + १५य² + ३६य = ४५०

य सापडली की दोन्हीकडची वर्गमुळे घ्यायची, मग साधी वर्गसमीकरणे उरतात. म्हणजे चौथ्या घाताचा सारा भार तिसऱ्या घातावर येऊन पडला. इथे य = ४ घालून पाहिले तर डावी बाजू ४४८ येते, अवघी दोनने कमी. ५ घातले तर ६८०. अंदाजाने नेम बसत नाही आणि कोणताही अपूर्णांकही या समीकरणात चपखल बसत नाही. घन समीकरण सोडवण्याचा पक्का नियमच हवा.

तो नियम कार्दानोला ठाऊक होता, आणि अडचण तिथेच होती. २५ मार्च १५३९ रोजी निकोलो तार्ताल्याने तो नियम त्याला सांगितला होता, कोडे वाटावे अशा पद्यात आणि कधीही प्रसिद्ध न करण्याच्या शपथेवर. (या शपथेचा मजकूर आपल्याला तार्ताल्याच्याच पुस्तकातून कळतो. आपण त्या वेळी हजर होतो आणि अशी शपथ झालीच नाही, असे फेरारीने पुढे ठणकावून सांगितले. दोघांपैकी कुणीही निःपक्षपाती साक्षीदार नव्हे.) शपथ खरी असो वा नसो, कार्दानो ती मानत होता असे त्याच्या वागण्यावरून दिसते. फेरारीचा शोध स्वतःचा होता, पण तार्ताल्याचा नियम उघड केल्याशिवाय तो छापता येत नव्हता. १५४३ साली गुरुशिष्य बोलोन्याला गेले. तिथे दिवंगत शिपिओने देल फेर्रोच्या वहीत तोच नियम तार्ताल्याच्याही आधीचा सापडला, तेव्हा गाठ सुटली. १५४५ च्या ‘आर्स माग्ना’त घन आणि चतुर्घाती, दोन्ही समीकरणांच्या रीती छापून आल्या. संतापलेल्या तार्ताल्याशी फेरारीने पत्रके छापून वाद घातला आणि १५४८ च्या ऑगस्टमध्ये मिलानमध्ये जाहीर सामना झाला. तार्ताल्या दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता गाव सोडून गेला.

ही गोष्ट गणिताच्या इतिहासात नेहमी माणसांच्या स्वभावाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. मला त्यातला गणिती प्रश्न जास्त मोलाचा वाटतो. चार म्हणजे दोन गुणिले दोन. मग चौथ्या घाताच्या समीकरणात तिसऱ्या घाताने का शिरावे? वर्गमुळामागून वर्गमूळ घेत उत्तरापर्यंत जाता आले असते, तर तार्ताल्याची शपथ आड आलीच नसती. फेरारीला ती वाट सुचली नाही, की ती वाट नव्हतीच?

ती नव्हती. आणि का नव्हती याचे कारण बारा वस्तूंच्या एका छोट्या समूहात आहे. त्यातून सहांचा उपसमूह वेगळा काढता येत नाही, एवढेच ते कारण.

या दिशेने पहिले पाऊल टाकले जोसेफ लुई लाग्रांजने, बर्लिनमध्ये, १७७०-७१ साली. समीकरणे सोडवण्याच्या सगळ्या जुन्या युक्त्या त्याने एकत्र ठेवल्या आणि त्या का चालतात हे विचारले. समजा, चतुर्घाती समीकरणाची चार मुळे अ, ब, क, ड आहेत. त्यांच्या किमती माहीत नाहीत. समीकरणाचे सहगुणक तेवढे माहीत आहेत. सहगुणकांना मात्र मुळांची ओळख नसते. मुळांची बेरीज घ्या, सर्वांचा गुणाकार घ्या. अ आणि ब यांनी जागा बदलल्या तरी उत्तर तेच. मुळांच्या अशा जागाबदलाला आपण क्रमबदल म्हणू. चार अक्षरांचे एकूण क्रमबदल चोवीस. सहगुणकांपासून निघून एकेका मुळापर्यंत पोहोचायचे म्हणजे, जी राशी चोवीसही क्रमबदलांत हलत नाही तिथून सुरुवात करून, टप्प्याटप्प्याने, हलणाऱ्या राशींपर्यंत जायचे.

फेरारीच्या मधल्या घन समीकरणाचे रहस्य लाग्रांजला या नजरेने दिसले. अब + कड ही राशी पाहा. अक्षरे कशीही बदला, तिची तीनच रूपे होतात: अब + कड, अक + बड, अड + बक. चोवीस क्रमबदल, आणि रूपे तीन. तीन रूपे असलेली राशी तीन मुळांच्या समीकरणात, म्हणजे घन समीकरणात सापडते. फेरारीची य ही या राशीचीच वेषांतर केलेली बहीण. याच अभ्यासात लाग्रांजच्या लक्षात आले की, रूपांची संख्या नेहमी चोवीसला भाग जाणारी असते. आजच्या भाषेत सांगायचे तर, राशीला न हलवणाऱ्या क्रमबदलांचा एक उपगट बनतो (त्यातले कोणतेही दोन एकापाठोपाठ केले, तरी परिणाम त्यातच राहतो) आणि उपगटातल्या सदस्यांची संख्या गुणिले रूपांची संख्या म्हणजे पूर्ण गटाची संख्या. लाग्रांजकडे ‘गट’ हा शब्द नव्हता, आणि त्याची सिद्धताही अपुरी होती; पण आज हा सिद्धांत त्याच्याच नावाने ओळखला जातो.

आता चोवीसपैकी निम्म्यांकडे वळू. दोन अक्षरांची अदलाबदल ही सर्वांत साधी कृती. कोणताही क्रमबदल अशा अदलाबदलींनी घडवता येतो, आणि लागणाऱ्या अदलाबदलींची संख्या सम की विषम हे त्या क्रमबदलापुरते ठरलेले असते. सम क्रमबदल बारा. त्यांची हजेरी घेणे सोपे आहे. पहिला, काहीच न हलवणारा. मग तीन दुहेरी अदलाबदली: अ-ब आणि क-ड, अ-क आणि ब-ड, अ-ड आणि ब-क. उरलेले आठ म्हणजे तिघांच्या फेऱ्या: एक अक्षर जागेवर ठेवायचे आणि बाकी तिघांना गोल फिरवायचे, अ च्या जागी ब, ब च्या जागी क, क च्या जागी अ. कोण जागेवर राहणार याचे चार पर्याय, फिरण्याच्या दिशा दोन, म्हणून आठ. एक, तीन आणि आठ मिळून बारा.

बाराला सहाने भाग जातो. तेव्हा या बारांत सहांचा एक उपगट असायला लाग्रांजच्या सिद्धांताची हरकत नाही. तो असता तर त्याला साजेशी, या बारा क्रमबदलांत दोनच रूपे घेणारी एखादी राशीही बनवता आली असती. तिला राशी ‘र’ म्हणू आणि तिची दोन रूपे र₁ आणि र₂. आता तिघांची कोणतीही एक फेरी घ्या. ती र₁ ला जागेवर ठेवील, किंवा र₂ करील. तिसरी शक्यता नाही. समजा, तिने र₁ चे र₂ केले. दुसऱ्यांदा तीच फेरी केली की र₂ चे र₁ व्हायला हवे, कारण दोन वेगळी रूपे एकाच रूपावर येऊन आदळू शकत नाहीत. तिसऱ्यांदा केली की पुन्हा र₂. पण तिघांची फेरी तीनदा केली म्हणजे प्रत्येक अक्षर आपापल्या घरी परत आले. काहीच हलले नाही, तर र₁ चे र₂ होईल कसे? म्हणून फेरीने र₁ हलतच नाही. आणि हे आठांपैकी प्रत्येक फेरीला लागू आहे. र₁ ला न हलवणाऱ्यांत आठ फेऱ्या, शिवाय काहीच न करणारा एक, असे किमान नऊ सदस्य झाले. जागा होत्या सहा. सहांचा उपगट नाही.

सिद्धता एवढीच. तिचे मर्म दोन आणि तीन यांच्या न जुळण्यात आहे. दोन खोल्यांत ये-जा करणारा माणूस तीन खेपांनंतर मूळ खोलीत असू शकत नाही. तिघांची फेरी तर तीन खेपांनंतर मूळ जागी असलीच पाहिजे. ज्यांना राशीचा आडपडदा नको असेल, त्यांनी असेही पाहावे: सहांचा उपगट म्हणजे बरोबर अर्धा भाग, आणि अर्ध्या भागात प्रत्येक क्रमबदलाची दुप्पट, म्हणजे तो दोनदा केल्यावर येणारा परिणाम, पडतोच. तिघांची प्रत्येक फेरी ही उलट्या दिशेच्या फेरीची दुप्पट असते. म्हणून आठही आत येतात आणि जागा पुन्हा अपुरी पडते.

हीच सिद्धता फेरारीच्या वाटेवर ठेवून पाहू. सहगुणक कोणत्याही फेरीने हलत नाहीत. त्यांतून काही राशी बनवून तिचे वर्गमूळ घेतले. वर्ग हलत नाही, तेव्हा फेरीने वर्गमूळ फार तर धनाचे ऋण होईल. पण चिन्ह बदलले, तर तीन फेऱ्यांनंतरही बदललेलेच राहील, आणि तसे होणे शक्य नाही. म्हणजे हे वर्गमूळही फेरीला बधत नाही. त्याच्या मदतीने दुसरे वर्गमूळ घ्या, तेही बधत नाही. तिसरे, चौथे, शंभरावे घ्या. फेऱ्यांपुढे सगळी जशीच्या तशी. मूळ अ मात्र फेरीने हलून ब होते. तेव्हा केवळ वर्गमुळांच्या पायऱ्यांनी अ पर्यंत जाता येत नाही. सर्व मुळांच्या परस्पर वजाबाक्यांचा गुणाकार हे एक वर्गमूळ पहिल्या पायरीवर उपयोगी पडते. ते चोवीस क्रमबदलांचे बारा करते. बारांचे सहा करणारे दुसरे वर्गमूळ जगात नाही. घनमुळाला मात्र वाट मोकळी आहे: त्याला फेरीने एकाच्या घनमुळाने गुणले जाते आणि तीन फेऱ्यांनंतर गुणक एक होतो, विरोध उभा राहत नाही. बारांतून थेट चारांवर, म्हणजे त्या तीन दुहेरी अदलाबदली आणि काही न करणारा, एवढ्यांवर येता येते. तिथून पुढे पुन्हा वर्गमुळे चालतात. फेरारीची रीत हीच वाट तंतोतंत चालते.

हा युक्तिवाद मी लाग्रांजच्या नव्हे, तर पावलो रुफिनीच्या वळणाने मांडला आहे. रुफिनी मोदेनाचा; गणिताचा अध्यापक आणि शिवाय वैद्य. नेपोलियनने उभारलेल्या प्रजासत्ताकाशी निष्ठेची शपथ घ्यायला त्याने नकार दिला, म्हणून १७९८ मध्ये त्याची नोकरी गेली. (या इतिहासात शपथा फार.) मग रोगी तपासत असतानाच त्याने १७९९ साली बोलोन्यात दोन खंडांचा ग्रंथ छापला आणि पाचव्या घाताचे सर्वसामान्य समीकरण मुळे काढून सुटतच नाही, असे प्रतिपादन केले. ग्रंथ लाग्रांजला पाठवला. उत्तर आले नाही, म्हणून आणखी एक प्रत पाठवली. त्या ग्रंथात पाच अक्षरांचे १२० क्रमबदल तपासताना रुफिनीने दाखवले की, त्यांत १५, ३० किंवा ४० सदस्यांचे उपगट नाहीत, जरी या तिन्ही संख्यांनी १२० ला भाग जातो. लाग्रांजच्या सिद्धांताचा व्यत्यास खोटा आहे, हे असे गटाची व्याख्या होण्याच्या पन्नासेक वर्षे आधीच उघड झाले होते. पाठ्यपुस्तकांत आज बारांतल्या सहांचे उदाहरण देतात, कारण ते सर्वांत लहान आहे; पण इतिहासात पाचांची उदाहरणे महत्त्वाची ठरली.

पाच अक्षरांत असे काय बिघडते? तिथे तिघांच्या फेऱ्या आहेत आणि पाचांच्याही. पाचांची फेरी तिघांच्या दोन फेऱ्या एकापाठोपाठ करून मिळते. घनमूळ घेतले, तर पाचांच्या फेरीने त्याला ज्या संख्येने गुणले जाईल तिचा पाचवा घात १ हवा. आणि ती तिघांच्या फेऱ्यांमधून आली आहे, म्हणून तिचा घनही १ हवा. दोन्ही अटी एकट्या १ च्याच बाबतीत जुळतात. चारांत घनमुळाला जी वाट मोकळी होती, ती पाचांत बंद झाली. पाचवे मूळही तसेच अडते. उत्तरात येणारे प्रत्येक वर्गमूळ वा घनमूळ मुळांचीच राशी असते, हे रुफिनीने धरून चालले होते. ती फट आबेलने १८२० च्या दशकात भरली. वर्गमुळांविषयीचा माझा वरचा युक्तिवादही तेच गृहीत धरतो, आणि आबेलच्या कामानंतर ते गृहीत निर्धास्त आहे.

मग असा प्रश्न उरतो की नेमका सहाच का चुकतो. बाराचे विभाजक १, २, ३, ४, ६, १२. आपल्या बारांत दोनचे उपगट आहेत, तीनचे आहेत, चारचा आहे. कोशीने १८४० च्या दशकात दाखवले की, गटाच्या संख्येला एखाद्या अविभाज्य संख्येने भाग जात असेल, तर तेवढ्या सदस्यांचा उपगट असतोच. नॉर्वेतल्या हाल्डेन गावी शाळाशिक्षक असलेल्या लुडविग सिलोने १८७२ मध्ये हीच हमी अविभाज्य संख्यांच्या घातांपर्यंत नेली, म्हणून चारचाही उपगट निश्चित. सहा ही दोन वेगळ्या अविभाज्यांच्या गुणाकाराने बनलेली पहिलीच संख्या. तिला अशी हमी नाही. गटाचा खरोखरचा लहान उपगट सहांचा असायचा, तर गट किमान बारांचा हवा. तेव्हा चूक व्हायची ती बारांच्या आत होऊच शकत नव्हती, आणि बारांचे जे पाच वेगवेगळे गट आहेत त्यांतल्या चारांत सहांचा उपगट सापडतो. आपल्या सम क्रमबदलांच्या गटातच तो नाही.

शेवटी एक समीकरण हातात घेऊन पाहू, कारण इथपर्यंत मुळे केवळ अक्षरे होती.

क्ष⁴ + ८क्ष + १२ = ०

याची चारही मुळे संमिश्र आहेत, पण त्याने काही बिघडत नाही. मुळांच्या परस्पर वजाबाक्यांच्या गुणाकाराचा वर्ग काढला, तर ३३१७७६ येतो आणि तो ५७६ चा पूर्ण वर्ग आहे. म्हणजे पहिली वर्गमुळाची पायरी इथे आयतीच ओलांडली गेली. विषम क्रमबदल बाद झाले. आता लाग्रांजच्या अब + कड या राशीचे घन समीकरण मांडू. क्ष³ आणि क्ष² ची पदे नसल्याने ते अगदी आटोपशीर येते:

य³ − ४८य − ६४ = ०

यात य = ४झ घालून चौसष्टने भागले की झ³ − ३झ − १ = ० उरते. याला कोणताही अपूर्णांक समाधान देत नाही. १ घातला तर −३, −१ घातला तर +१, आणि दुसरा कुणी उमेदवारच नाही. त्यामुळे मूळ समीकरणाचे तुकडेही पडत नाहीत, आणि बाराही सम क्रमबदल खरेच शिल्लक राहतात. कोणत्याही चतुर्घातीची परीक्षा अशीच करता येते. त्याचे तुकडे पडत नसतील आणि या घन समीकरणाला परिमेय उत्तर असेल, तर वर्गमुळांनी भागते. उदाहरणार्थ, क्ष⁴ = २ मध्ये घन समीकरणाचे एक उत्तर शून्य आहे आणि दोनचे चौथे मूळ म्हणजे वर्गमुळाचे वर्गमूळ. परिमेय उत्तर नसेल, तर घनमुळाशिवाय गत्यंतर नाही.

झ³ − ३झ − १ = ० हे समीकरण भूमितीच्या अभ्यासकाला कुठेतरी पाहिल्यासारखे वाटेल. तिप्पट कोनाच्या सूत्रावरून पाहिले तर झ = २ कोज्या २०°, म्हणजे सुमारे १.८७९४. ६० अंशांच्या कोनाचे तीन समान भाग करायचे, या ग्रीकांपासूनच्या कूटप्रश्नाचेच हे समीकरण. खुणा नसलेल्या पट्टीने आणि कंपासने जे काढता येते ते सारे वर्गमुळांच्या पायऱ्यांनी मिळणारे असते, आणि हा कोन त्या साधनांनी त्रिभागता येत नाही, हे पियेर वान्त्सेलने १८३७ मध्ये सिद्ध केले. या चतुर्घातीचे एक मूळ जरी कागदावर पट्टी-कंपासने काढता आले असते, तर बाकीची मुळेही काढता आली असती, त्यांतून अब + कड मिळाले असते, आणि त्याबरोबर वीस अंशांचा कोनही.